आधी स्वयंपाकिणीचं ताट

कारखान्याच्या कँटीनमधल्या स्वयंपाकीणबाईची साखर वाढली, तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंनी आठवडाभर दुपारच्या ताटाचे फोटो मागवले होते. आज त्यांचा मेसेज आला. शेकडो माणसांना जेवू घालणाऱ्या बाईला ही कालची पोर जेवायला शिकवणार, या रागातच तिने तो उघडला.

"मावशी, प्रत्येक ताटात अर्ध्याहून जास्त भात आहे, भाजी चमचाभर आणि डाळ म्हणजे नुसतं पाणी. पण तुम्ही भाजी टाळत नाही, ती संपलेली असते. प्रत्येक फोटोत मागे रिकामी पातेली दिसतात आणि वेळ चारची. पोटात कावळे ओरडून थकले की तुम्ही उरलंसुरलं खाता. आता अर्धं ताट भाजी, पाव ताट घट्ट डाळ किंवा अंडी आणि उरलेल्या पाव ताटात भात घ्या. आणि सगळ्यांच्या आधी जेवा."

राग गेला नाही, पण आता तो त्या पोरीवर राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी खिडकीसमोर रांग लागली, तेव्हा बाई आपलं ताट वाढून पुढच्याच टेबलावर बसली. मॅनेजर धावत आला.

"मावशी, लोक खोळंबलेत."

तिने भाजीचा घास सावकाश चावला.

"खोळंबू देत. इतकी वर्षं मी खोळंबले, तेव्हा कुणी धावत आलं नाही." तिने फोन त्याच्यापुढे सरकवला. "उभेच आहात तर फोटो काढा. मागची पातेली भरलेली दिसली पाहिजेत."