एकतीस मार्चच्या आत

शहनाजने कॅल्क्युलेटर पुढे सरकवला आणि म्हणाली, "पुन्हा कर. तुझं चुकलंय."

"चुकलं न्हाई. तीनदा केलं."

पिरंगुटच्या बाजारात शहनाजचं शालेय सामानाचं दुकान होतं. रेश्मा दुसऱ्या पाळीला कंपनीत जायच्या आधी रोज तिथे टेकायची. दोघींनी गेल्या एप्रिलच्या एक तारखेला कर्ज उचललं होतं. रक्कम तीच, सहा लाख. व्याज तेच, बारा टक्के. मुदत तीच, पाच वर्षं. शहनाजने दुकान वाढवायला नवऱ्याच्या, शाकिरच्या, कंपनीतल्या कामगार पतसंस्थेकडून घेतलं. रेश्माने आपल्या गावात, उरवड्यात, चार खोल्या बांधायला पिरंगुटच्या नागरी पतसंस्थेकडून. आज सहज हप्त्यांचा विषय निघाला आणि दोघी थबकल्या. शहनाजचा हप्ता तेरा हजार तीनशे सत्तेचाळीस. रेश्माचा तेरा हजार आठशे सत्तर.

"महिन्याला पाचशे तेवीस," शहनाज म्हणाली. "साठ हप्त्यांचे एकतीस हजार तीनशे ऐंशी. अगं, व्याजदर एकच आहे ना? मग हे कुठून आलं?"

"मला काय इचारतीस? मॅनेजरला इचारते."

रेश्माने पतसंस्थेत फोन लावला. मॅनेजर बंडोपंत एकतीस मार्चच्या कामात बुडालेले होते. त्यांच्या आवाजातच ते कळत होतं.

"बाई, आपल्याकडे वार्षिक रेस्ट आहे. तुम्ही हप्ता दर महिन्याला भरता, पण तो मुद्दलातून वजा होतो वर्षातून एकदाच, एकतीस मार्चला. वर्षभर व्याज चालतं ते वर्षाच्या सुरवातीच्या बाकीवर. कामगार संस्थेत मासिक रेस्ट असेल. तिथे दर महिन्याला बाकी घटते, पुढच्या महिन्याचं व्याज घटलेल्या बाकीवर. मंजुरीपत्रात लिहिलंय तुमच्या."

"म्हंजी माझं पैसं वर्षभर तुमच्याकडं, आन व्याज तरी माझ्याच डोक्यावर?"

"नियम आहे, बाई. मी केलेला नाही."

रेश्मा चिडून फोन ठेवणार होती. तेवढ्यात तिच्या मनात दुसरीच वीज चमकली.

"साहेब, आमी ज्यादाचे एक लाख ऐंशी हजार भरणार हाय. पाडव्याला. ते कधी वजा व्हणार?"

"पाडवा कधी आहे? आठ दिवसांनी, एप्रिलात. मग पुढच्या एकतीस मार्चला."

"वर्षानं?"

"वर्षाने. आज जमा झाले तर आजच वजा. उद्यापासून हप्ताही नव्याने बसेल." पलीकडे कॅल्क्युलेटरची खटखट झाली. "सगळे हप्ते वेळेवर आहेत तुमचे. आजची बाकी पाच लाख पाच हजार पाचशे साठ. एक लाख ऐंशी आले तर तीन लाख पंचवीस हजार पाचशे साठ. चार वर्षांसाठी हप्ता... आठ हजार नऊशे बत्तीस."

रेश्माने आकडा तळहातावर लिहून घेतला. आठ हजार नऊशे बत्तीस! म्हणजे महिन्याला जवळजवळ पाच हजार हातात. खोल्यांचं भाडं चौदा हजार येई आणि सगळंच्या सगळं हप्त्यात जाई. म्हणून ती दुसऱ्या पाळीला राबत होती. घरी यायला मध्यरात्र. आठवीतली मुलगी जान्हवी तिला दिसायची ती पांघरुणात. पाच हजार सुटले तर सकाळची चार तासांची पाळी पुरणार होती. पैसे पाडव्याला भरले, की हे सगळं आणखी एक वर्ष पुढे.

"आणि व्याज?" फोनला कान लावून ऐकणाऱ्या शहनाजने विचारलं. मग स्वतःच आकडे दाबले. "एक लाख ऐंशीवर बारा टक्के. एकवीस हजार सहाशे. आठ दिवसांचे एकवीस हजार सहाशे! आमच्याकडे उशीर झाला तरी फार तर एका महिन्याचं व्याज गेलं असतं, अठराशे रुपये. रेश्मा, पळ!"

"रोख आणू का, साहेब?" रेश्मा फोनवर ओरडली.

"वीस हजारांवर रोख घेता येत नाही. खात्यातून पाठवा. चेक देणार असाल तर तो आज वटला पाहिजे, त्याची खात्री मी देत नाही. रक्कम आज आमच्या खात्यात दिसली पाहिजे, एवढंच."

पैसे होते सासूच्या खात्यात. सारजाबाईंनी दोन म्हशी विकल्या होत्या. गुडघे बोलायला लागल्यावर धारा काढणं होईना. कर्जात पैसे घालायला म्हातारी आनंदाने तयार झाली होती, पण एका अटीवर. पाडव्याच्या मुहूर्तावर. खातं तिचं, सही तिची, मोबाईलवर बँक तिला ठाऊक नाही. बँक चारला बंद. घड्याळात दोन वाजायला आले होते.

"स्कूटर घेऊन जा माझी," शहनाजने किल्ली फेकली. "आणि सुपरवायझरला मी सांगते तुझ्या पोटात दुखतंय म्हणून."

"डोकं दुखतंय सांग. पोट मागल्या महिन्यात झालं."

उरवड्याच्या रस्त्यावर कंपन्यांचे ट्रक ओळीने उभे होते. रेश्मा कडेच्या मातीतून स्कूटर घालत, शिव्या खात आणि दोन परत देत घरी पोचली. सारजाबाई ओसरीवर वाटाणे सोलत बसल्या होत्या.

"आत्या, उठा. लुगडं बदला. बँकेत जायचंय."

"कुणी मेलं का?"

"कुणी न्हाई मेलं. पैसं आज भरायचं. आत्ता."

सारजाबाईंनी वाटाण्यावरची नजर उचलली नाही. "पाडव्याला ठरलंय. साडेतीन मुहूर्तातला दिस सोडून सरत्या वर्षात लक्ष्मी घराभाईर घालू? याड लागलंय का तुला?"

"आत्या, आज भरलं तर आज कर्जातनं कमी व्हतंय. पाडव्याला भरलं तर वर्षभर कमी व्हत न्हाई."

"पैसं दिलं तर कमी कसं व्हत न्हाई? मॅनेजर काय झोपलाय?"

"तसा नियम हाय त्यांचा. एकतीस मार्चलाच वजा करत्यात."

"असला कुटं नियम असतोय? तू आईकलंस तसलंच काहीतरी." त्यांनी शेंग फोडली. "आठ दिसांनी काय आभाळ कोसळतंय?"

"एकवीस हजार सहाशे जात्यात!"

"आठ दिसांत? तुला फशिवलं कुणीतरी."

आकड्यांनी काम होणार नाही हे रेश्माला कळलं. तिने आजूबाजूला पाहिलं. रिकामा गोठा समोरच होता. ती सासूच्या पुढ्यात उकिडवी बसली.

"आत्या, त्या रिहे गावच्या माणसानं आपल्या म्हशी नेल्या. आता त्यास्नी वैरण कोण घालतंय?"

"त्यो घालतोय. आपुन कशाला घालू?"

"समजा त्यो म्हणाला, म्हशी मी आज नेतो, पर कागदावर त्या तुमच्याच. म्होरल्या एकतीस मार्चला माझ्या लिव्हीन. तंवर वैरण तुमी घाला. तर?"

सारजाबाईंचा हात थांबला. "थोबाड फोडीन त्याचं."

"मग पाडव्याला पैसं दिलं तर तसंच व्हणार. पैसं त्यांच्या गोठ्यात आन वैरण वर्षभर आपुन घालायची. आज दिलं तर आजच दावं सुटलं."

वाटाण्यांची परात एका बाजूला सरकली आणि सारजाबाई गुडघ्यावर हात देऊन उभ्या राहिल्या.

"गेलेल्या म्हशीला वैरण? आगं मग बसलीयास काय! पासबुक घे. चेकबुक ट्रंकंत हाय, उजव्या अंगाला. लुगडं राहू दे, कोण बघतंय मला!"

परतीच्या वाटेवर सारजाबाई मागे बसून ट्रकवाल्यांना हाताने बाजूला सारत होत्या, जणू रस्त्यात गुरं आडवी आलीत. "ए भावड्या, सरक! बँक बंद व्हतीया आमची!" एका ट्रकवाल्याने हसून खरोखरच वाट दिली. गतिरोधकावर स्कूटर उडाली तेव्हा रेश्मा घाबरून म्हणाली, "आत्या, गुडघा?" तर मागून उत्तर आलं, "गुडघा मरू दे. तू हाण!"

बँकेत रांग दारापर्यंत होती. वर्षअखेर सगळ्यांचीच होती. सारजाबाईंनी तिथल्या खुर्चीत बसायला नकार दिला आणि रांगेतल्या प्रत्येकाला, विचारलं नसताना, वैरणीची गोष्ट सांगितली. दोघांनी खिशातून आपापल्या संस्थेची पासबुकं काढून बघितली. एकजण फोन करायला बाहेर पळाला.

खिडकीशी पोचल्या तेव्हा कारकुनाने फॉर्म तपासला, चेक तपासला आणि मान हलवली. "सही जुळत नाही, आजी."

"जुळत न्हाई कशी? माझीच हाय."

"खात्यावर 'सारजाबाई' आहे. तुम्ही नुसतं 'सारजा' केलंय."

"घाईत बाई ऱ्हायली!" सारजाबाई म्हणाल्या, आणि रांगेत हशा उसळला. दुसरा चेक फाडला. त्यांनी जीभ दातात धरून एकेक अक्षर काढलं. शेवटच्या 'ई'पर्यंत रांगेतली माणसं माना उंचावून बघत होती. कारकुनाने शिक्का मारला. "पाठवले. पोचायला अर्धा-एक तास."

पतसंस्थेत त्या दोघी बंडोपंतांच्या टेबलासमोर बसल्या. ते दर थोड्या वेळाने संगणकावर बघत आणि मान हलवत. "नाही अजून."

"म्हंजी बँकेनं खाल्लं?" सारजाबाई.

"येतील, आजी. आज सगळेच पाठवतायत."

रेश्माला बसवेना. ती उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. आत्ता कंपनीत तिची पाळी सुरू झाली असेल, पट्ट्यावर डबे सरकत असतील. आज रक्कम दिसली नाही तर उद्याही तिथेच, परवाही, पुढच्या मार्चपर्यंत. फोन वाजला. शहनाज होती. "आले का?" "न्हाई." "येतील गं." पुन्हा फोन. "आले का?" "शहनाज, तू फोन ठेव, नायतर मी रडीन."

बंडोपंतांनी चष्मा वर केला, पडद्याजवळ वाकले आणि बोट लावून आकडा वाचला.

"एक. ऐंशी. शून्य शून्य शून्य. आले!"

"आले!" रेश्मा इतक्या मोठ्याने ओरडली की मागच्या टेबलावरच्या पोरीच्या हातातलं पेन पडलं. बंडोपंतही हसत होते. त्यांनी जमा नोंद केली, पावती छापली आणि तारखेवर बोट ठेवून दाखवलं. "एकतीस मार्च. आता पुढच्या वर्षाचं व्याज एकोणचाळीस हजार सदुसष्ट. नाहीतर साठ हजार सहाशे सदुसष्ट होतं. उद्यापासून हप्ता आठ हजार नऊशे बत्तीस."

सारजाबाईंनी पावती उलटसुलट बघितली. "आन हिचा दर म्हयन्याचा हप्ता? त्यो पण मार्चलाच वजा व्हतोय?"

"हो, आजी. ते तसंच राहणार. बदलायचं तर सभेत ठराव लागतो. सप्टेंबरात, दुपारी, सर्वसाधारण सभा असते."

"मग लिव्हा हिचं नाव. ही बोलंल."

"मी?" रेश्मा म्हणाली. "आत्या, तवा मी पाळीला—"

ती थांबली. सप्टेंबरात दुपारी ती पाळीला नसणारच होती. तिने बंडोपंतांकडून कोरा कागद मागून घेतला आणि उभ्याउभ्याच ठरावाची पहिली ओळ लिहायला लागली: कर्जावरील व्याज दरमहा घटत्या बाकीवर आकारण्यात यावे.