पुसलेला मेसेज

"पाठवलात का पुसलात?" स्वयंपाकघरातून बायकोनं तिसऱ्यांदा विचारलं. मिस्त्री फोन डोळ्यांजवळ धरून बसला होता. सण उजाडून दोन तास झाले होते, आणि लांब्याला शुभेच्छा काही गेल्या नव्हत्या.

पाणी उपसणाऱ्या पंपघरात मिस्त्री आणि लांब्या एकाच दिवशी कामाला लागले, त्याला बावीस वर्षं झाली. ज्येष्ठतेच्या यादीत मिस्त्रीचं नाव काकणभर वर होतं. तरी चार दिवसांपूर्वी फलकावर कागद लागला तो लांब्या सुपरवायझर झाल्याचा. मिस्त्रीनं तो इतरांसारखाच उभ्या उभ्या वाचला. लांब्या मात्र चार दिवस तोंडाला कुलूप लावून होता. इथं नक्की पाणी मुरत होतं.

"त्यानंच साहेबाचे कान भरले असणार," मिस्त्री पुटपुटला. "मागच्या महिन्यात तीन नंबरच्या पंपाचं बेअरिंग घरघरत होतं. मला कळलं नाही, त्यानं धावत येऊन बंद केला. तेच जाऊन सांगितलं असेल."

"असेल, नसेल. पण नुसतं सणाचं लिहिलंत तर तुम्ही जळलात असं दिसेल. नुसतं बढतीचं लिहिलंत, तर सणासुदीला वहिनींना विसरलात असं होईल." ती हात पुसत बाहेर आली. "दोन्ही एकातच घाला. सण अख्ख्या घराचा, तेव्हा आधी सगळ्यांना शुभेच्छा. मग त्याचं पद, नाव घेऊन. 'यशाबद्दल' वगैरे मोघम नको. आणि शेवटी एक ओळ अशी, की जी तुमच्याशिवाय कोणाला सुचणार नाही. ग्रुपवर नाही हं, त्याला एकट्याला."

मिस्त्रीनं 'साहेब' लिहिलं, टोमणा वाटेल म्हणून खोडलं. 'अखेर' लिहिलं, तेही खोडलं. शेवटी एकदाचं जमलं:

"तुला, वहिनींना आणि मुलांना सणाच्या शुभेच्छा. यंदा तुमच्या घरी दोन आनंद एकदम आले. सुपरवायझर झालास, मनापासून अभिनंदन. तीन नंबरचा पंप धावत येऊन बंद करणाराच त्या खुर्चीत शोभतो."

पाठवला. आणि लगेच मनात पाल चुकचुकली. शेवटची ओळ म्हणजे पंपाची घरघर आपल्याला कळली नाही, याचा आपल्या हातानं दिलेला कबुलीजबाबच की! उद्या त्यानं साहेबासमोर फोन धरला तर? मिस्त्रीनं घाईघाईनं मेसेज पुसला. पुसल्याची खूण तेवढी तिथं राहिली. तिच्याखाली त्यानं कुणाकडून तरी आलेलं फुलांचं चित्र ढकलून दिलं.

उत्तरादाखल दोन जोडलेले हात आले. बाकी काही नाही.

"बघ, किती तोरा!" मिस्त्री म्हणाला.

अर्ध्या तासानं लांब्या दारात उभा. नवा सदरा, चेहरा मात्र उतरलेला. आत येऊन तो खुर्चीत बसला आणि मोठ्यानं म्हणाला, "काय पुसलंस?"

"फोन करायचास."

"फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून आलो."

मिस्त्रीनं फोन टेबलावर आदळला. "म्हणजे साहेबाला तूच सांगितलंस."

"मी? साहेबानं विचारलं तेव्हा म्हटलं, पंप कोणाला कळतो तर तो मिस्त्रीला. अरे, बढतीच्या आधी कानाची तपासणी होती. त्या दिवशी रजा कोणी टाकली?"

"ताप होता."

"बरं, ताप होता." लांब्यानं वाद घातला नाही. "जागा तुझी होती रे. कोणत्या तोंडानं तुला सांगू? चार दिवस वाट बघतोय, तू काहीतरी म्हणशील. आज मेसेज आलेला दिसला, उघडेपर्यंत पुसलेला. बायकोला म्हटलं, शिवीच दिली असणार."

मिस्त्रीची बायको दारातून सारं ऐकत होती. तिनं टेबलावरचा फोन उचलून नवऱ्याच्या हातात दिला, एवढंच.

मिस्त्रीला लाज वाटली, मनापासून वाटली. गेली दोन वर्षं पंपघरात लांब्या नेहमी त्याच्या डाव्या हाताला, बऱ्या कानाच्या बाजूला उभा असायचा, ती त्याला नुसती सवय वाटायची. त्यानं मान खाली घालून पुन्हा टाइप केलं, तेच, त्याच क्रमानं. आधी घर, मग पद, मग तीन नंबरचा पंप. एक शब्द बदलला नाही.

पाठवून तो वाट बघत बसला. खोलीत काहीच झालं नाही. लांब्याचा हात खिशाकडे गेला.

"पोहोचला?" मिस्त्रीनं विचारलं.

"केव्हाच. वाजला ना."

लांब्यानं मेसेज वाचला. पुन्हा वाचला. मग फोन खिशात ठेवून तो उठला, खुर्ची उचलली आणि मिस्त्रीच्या डाव्या बाजूला आणून बसला.