झाली ती झाली

कायद्याच्या तोंडी परीक्षेत दहा गुण मिळाले नाहीत तर वर्ष वाया जाणार होतं, आणि तेही दुसऱ्यांदा. म्हणून मी पूर्वन्यायाची व्याख्या स्वल्पविरामासकट पाठ केली होती.

"पूर्वन्याय म्हणजे काय?" बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं.

मी सुरू झाले. "प्रत्यक्षतः व सारतः वादग्रस्त असलेली बाब, त्याच पक्षकारांमध्ये, सक्षम न्यायालयाने..."

"रेडिओ बंद करा. दोन शेजाऱ्यांचा भिंतीवरून दावा. हा दावा ऐकायचा आम्हाला अधिकारच नाही, असं म्हणून कोर्टाने तो काढून टाकला. पुन्हा लावता येईल?"

"नाही सर. एकदा झाला ना."

"झाला? मग भिंत कोणाची ठरली?"

मी पुन्हा व्याख्याच सुरू केली! माझाच मला असा संताप आला. तेवढ्यात परीक्षकांना प्राचार्यांचा फोन आला आणि गुणपत्रक उचलून ते तसेच निघून गेले. ते उचलताना मी पाहिलं. माझ्या नावासमोरचा चौकोन कोरा होता.

पाच मिनिटांनी मी परत आत जायला निघाले, तर दारात शिपाईकाका आडवे.

"तुझी झाली. आता पुढचा."

"काका, अर्धीच झाली हो!"

"एकदा झाली ती झाली. नियम आहे."

"कसला डोंबलाचा नियम!" माझा आवाज चढला. "ज्याला ठरवायचा अधिकार आहे, त्याने दोघांचं ऐकून निकाल दिला, तर त्याच दोघांनी तेच भांडण पुन्हा आणायचं नाही. नाहीतर भांडणं जन्मात संपायची नाहीत. पण आधी काहीतरी ठरायला तर हवं! इथे ऐकलं अर्धं, लिहिलं शून्य. शून्यसुद्धा नाही, कोरं! मग झाली कुठे?"

"आणि भिंतीचं काय?" मागून आवाज आला. परीक्षक, हातात चहाचा कप, काखेत गुणपत्रक.

मी रागातच होते. "तिथेही काही ठरलं नाही सर. ज्याला अधिकार नाही, त्याने फक्त परत पाठवलं. योग्य कोर्टात जाता येईल."

"योग्य कोर्टाने चुकीचा निकाल दिला तर?"

"तरी तो बंधनकारक. अपील करायचं. नवा दावा नाही."

"हेच आत सांगायला काय झालं होतं?" ते वैतागून म्हणाले. कप काकांकडे देऊन, दारातच गुणपत्रक भिंतीला टेकवून त्यांनी आकडा लिहिला आणि सही केली. वीसपैकी बारा.

पास! पण माझी जीभ कुठली गप्प बसतेय?

"सर, बाराच? सगळं बरोबर सांगितलं की!"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि ते आत गेले.

काकांनी पुढचं नाव पुकारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता मात्र झाली ती झाली."