पिच्चुमणीचं लग्न प्रीपोन झालं

अन्बुसेल्वीच्या हाती कादंबरी आली, तेव्हा तिनं आधी दरवाजा लावून घेतला आणि मग स्वतःच्याच खुर्चीत दोन गिरक्या घेतल्या. गिंडीच्या त्या ऑफिसात तिनं आजवर मूत्रपिंड, यकृत आणि सिमेंट यांच्यावरचे लेख तपासले होते. परदेशातले प्रकाशक हस्तलिखितं चेन्नईला पाठवत, इथं स्वल्पविरामापासून संदर्भसूचीपर्यंत सगळं नीट होऊन परत जाई. यकृताला कथानक नसतं. माणूस किती वर्षं यकृत वाचणार?

कादंबरी लंडनच्या प्रकाशनाची होती, पण लिहिणारी होती मदुरैची. तिलकवती अम्मा. वीज मंडळातून निवृत्त झाल्या, सत्तरी ओलांडली आणि मग पहिलं पुस्तक लिहायला बसल्या, तेही इंग्रजीत. गोष्ट पिच्चुमणी नावाच्या हेडक्लार्कची. या गृहस्थानं जन्मभर प्रत्येक गोष्ट पुढे ढकलली. बदली पुढे ढकलली, दात काढणं पुढे ढकललं, आणि शेजारच्या टेबलावरच्या कामाक्षीला विचारणं तर इतकं पुढे ढकललं की तिचं लग्न झालं, तिला वैधव्य आलं, मुलगी मोठी होऊन सासरी गेली. शेवटी निवृत्तीच्या तोंडावर त्यानं विचारलं. ती हो म्हणाली. तारीख ठरली तीन महिन्यांनंतरची. आणि शेवटच्या प्रकरणात पिच्चुमणी अख्ख्या ऑफिसला, कामाक्षीसकट, एक ईमेल धाडतो. थेट सरकारी परिपत्रकाच्या थाटात: ‘सर्व संबंधितांना कळविण्यात येते की खाली सही करणाऱ्याचा श्रीमती कामाक्षी यांच्याशी होणारा विवाह वीस जूनऐवजी सहा एप्रिल रोजी प्रीपोन करण्यात आला आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’

ते वाचून अन्बुसेल्वी एकटीच मोठ्यानं हसली आणि मग तिचे डोळे भरून आले. जन्मभर पुढे ढकलणाऱ्या माणसानं पहिल्यांदा काहीतरी अलीकडे ओढलं होतं. कादंबरी तिथं संपत होती.

त्याच ओळीला लंडनच्या संपादक बाईंनी, हॅरिएटनं, समासात टीप चिकटवली होती. ‘हा शब्द आमच्या वाचकांना कळणार नाही. साधं ब्रॉट फॉरवर्ड करू या?’ आणि त्याखाली तिलकवती अम्मांचं उत्तर: ‘जशी आपली इच्छा.’

झालं. लेखिकेची परवानगी मिळाली, म्हणजे तपासनिसानं शब्द बदलायचा, टीप मिटवायची आणि पुढच्या पानावर जायचं. अन्बुसेल्वीचं बोट कळफलकावर तरंगत राहिलं. तिनं ब्रॉट फॉरवर्ड घालून ओळ वाचून पाहिली. पिच्चुमणी एकदम लंडनच्या बँकेतला कुणी साहेब वाटायला लागला. तिनं घाईघाईनं पहिला शब्द परत आणला आणि टिपेखाली लिहिलं, ‘हा ईमेल पात्रानं लिहिलाय, लेखिकेनं नव्हे. मदुरैचा हेडक्लार्क हेच लिहील. कृपया पुन्हा विचार व्हावा.’

तासाभरात गुणशेखरन सर दारात. ते या विभागाचे प्रमुख, आणि त्यांना परदेशी गिऱ्हाईक नाराज होण्याची इतकी धास्ती की लंडनला पाऊस पडला तरी ते माफी मागायला तयार.

“अगं, तू भांडतेयस काय त्यांच्याशी?”

“भांडत नाहीये सर. शंका काढलीय. शंका काढायचेच पैसे देतात आपल्याला.”

“लेखिका हो म्हणाली ना? मग तुझ्या का पोटात दुखतंय? ही पहिली कादंबरी आहे आपल्याकडे. नीट गेली तर पुढच्या सगळ्या येतील. नाहीतर परत यकृत! कळतंय का?”

कळत होतं. न कळायला काय झालं? पुढच्या सगळ्या कादंबऱ्यांवर तिचाच हक्क असणार होता आणि एका शब्दासाठी ती तो पणाला लावत होती. शिवाय लेखिका स्वतः गप्प होती. पण ते ‘जशी आपली इच्छा’ अन्बुसेल्वीला पटत नव्हतं. तिनं आईच्या तोंडून ते आयुष्यभर ऐकलं होतं, आणि आईची इच्छा काय हे घरात कुणालाच कधी कळलं नव्हतं.

“मंगळवारी हॅरिएटबरोबर कॉल आहेच,” ती म्हणाली. “त्यात लेखिकेलाही बोलवू या. त्या माझ्यासमोर नको म्हणाल्या तर मी स्वतः शब्द काढते, आणि पुन्हा तोंड उघडत नाही.”

सरांनी कॅलेंडर पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. “मंगळवारी साडेतीनला? राहुकाळात? इतकं नाजूक बोलणं राहुकाळात करायचं? तीनच्या आत आटपायला हवं. अडीच कर. आत्ताच्या आत्ता सगळ्यांना कळव.”

राहुकाळापुढे चेन्नईत कुणी वाद घालत नाही. अन्बुसेल्वीला जेवायला जायचं होतं, दहीभाताचा डबा उघडून ठेवला होता. तिनं उभ्याउभ्याच ईमेल लिहिला, तिघांना पाठवला आणि लोणच्याची बाटली शोधायला लागली.

मंगळवारी अडीचला पडद्यावर तीन चौकोन उघडले. एकात अन्बुसेल्वी, मागे उगीच फायली चाळणारे गुणशेखरन सर. दुसऱ्यात हॅरिएट, हातात चहाचा मग, केस अजून ओले. तिसऱ्यात तिलकवती अम्मा, कांजीवरम नेसून, केसात मोगरा माळून, लग्नाला निघाल्यासारख्या. त्यांचा कॅमेरा जरा वर झाला होता, त्यामुळे अर्ध्या चौकोनात पंखाच फिरत होता.

हॅरिएट बोलायला गोड होती, तीच खरी अडचण होती. रागीट बाईशी भांडता येतं. “मला पुस्तक फार आवडलंय हो,” ती म्हणाली. “शेवटाला मी रडले. म्हणूनच भीती वाटते. आमच्या लीड्सचा वाचक नेमका शेवटच्या पानावर एका अनोळखी शब्दाला अडखळला, तर सगळा परिणाम गेला की नाही?”

“शब्द डिक्शनरीत आहे,” अन्बुसेल्वी म्हणाली.

“डिक्शनरीत आहे, वाचकाच्या डोक्यात नाही.”

“पण जूनऐवजी एप्रिल असं त्याच वाक्यात लिहिलंय! न कळायला वाव कुठाय?”

“मग तिरक्या अक्षरात घालू? किंवा खाली छोटी तळटीप?”

“लग्नाच्या पत्रिकेला तळटीप?” अन्बुसेल्वीचा आवाज चढला. मागून सरांनी खोकल्याचं नाटक केलं. “तिरकं कशाला? पिच्चुमणीला तो शब्द परका नाहीये. त्याला तो रोजचा आहे, कॉफीसारखा.”

“अम्मा, तुम्हाला काय वाटतं?” हॅरिएटनं विचारलं.

तिसऱ्या चौकोनातला पंखा फिरत राहिला. “तुम्ही जाणकार माणसं,” तिलकवती अम्मा हळूच म्हणाल्या. “जशी आपली...”

“अम्मा, तसं नको!” अन्बुसेल्वीला राहवलं नाही. “माझी इच्छा नको, यांचीही नको. तुम्हाला काय हवंय ते सांगा. नको असेल तर मी आत्ता काढून टाकते. पण एकदा तुमच्या तोंडून ऐकू द्या.”

सरांचा खोकला एकाएकी खरा झाला.  मग अम्मांनी कॅमेरा खाली केला, पंखा गेला आणि त्यांचा पूर्ण चेहरा दिसला. चेहऱ्यावर थोडी खोडी होती.

“हॅरिएट बाळा,” त्या म्हणाल्या, “कॉल साडेतीनचा होता. म्हणजे तुमच्याकडचे अकरा. तू दहालाच कशी आलीस?”

“ईमेल आला ना तसा!”

“कळला तुला?”

“म्हणजे? अगदी साधा होता.”

“काय लिहिलं होतं गं त्यात? वाचून दाखव की जरा.”

हॅरिएटनं चहाचा मग खाली ठेवला, काहीतरी उघडलं आणि वाचायला लागली. “‘नमस्कार, मंगळवारचा कॉल साडेतीनऐवजी अडीचला प्री...’”

ती थांबली. तोंडावर हात ठेवला. आणि मग अशी हसत सुटली की चौकोन नुसता हलायला लागला.

अन्बुसेल्वीनं घाईनं पाठवलेल्या ईमेलांची यादी उघडली. तिनं तो ईमेल शोधला. होता! तिच्याच हातचा, तिच्याच नावाखाली, उजळ माथ्यानं बसलेला. जी बाई दुसऱ्यांच्या पानातली मुंगी शोधून काढते, तिला स्वतःच्या चार ओळींत हा शब्द दिसला नव्हता. या शब्दासाठी ती आठवडाभर लढत होती आणि तो आपल्या हातून कधी निसटला याचा तिला पत्ताच नव्हता.

“मी वाचला,” हॅरिएट डोळे पुसत म्हणाली, “आणि गजर एक तास अलीकडे लावला. बस. शब्द दिसलासुद्धा नाही मला. मीच ती लीड्सची वाचक!”

“मला दिसला,” अम्मा म्हणाल्या. “मला वाटलं, ही पोरगी मुद्दामच युक्ती करतेय. हुशार आहे म्हटलं.”

“नाही हो अम्मा, दहीभात उघडा होता,” अन्बुसेल्वीनं कबूल केलं, आणि मग तिघीही हसल्या. गुणशेखरन सरही हसले, जरा उशिरानं, गिऱ्हाईक हसतंय याची खात्री करून.

हसणं ओसरल्यावर तिलकवती अम्मा ताठ बसल्या. “आता सांगते मला काय हवंय. तो शब्द राहील. सरळ अक्षरात. तळटीप नको. मंडळात चाळीस वर्षं परिपत्रकं टाइप केली मी, सगळी दुसऱ्यांनी सांगितलेली. हे एक मी माझ्या मनानं लिहिलंय.”

“राहील,” हॅरिएट म्हणाली. तिच्या आवाजात थट्टा उरली नव्हती. “आणि अन्बुसेल्वी, माझ्याकडे आणखी दोन कादंबऱ्या आहेत. त्या तुलाच पाठवते. माझ्याशी असंच भांडायचं.”

सरांनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि राहुकाळ सुरू व्हायच्या आत सगळं पार पडलं म्हणून सर्वांना गरम हरभऱ्यांचं सुंडल मागवलं. चार दिवस ते ज्याला त्याला सांगत होते की वेळ बदलायचं आपणच सुचवलं. ते खोटंही नव्हतं, त्यामुळे कुणाला काही बोलता येईना.

शुक्रवारी हस्तलिखित मदुरैहून परत आलं. अन्बुसेल्वीनं ते शेवटची नजर फिरवून काम संपवण्यासाठी उघडलं, आणि बघतच राहिली. अम्मांनी फाइल पहिल्या पानापासून पुन्हा वाचून काढली होती. समासात जिथं जिथं ‘जशी आपली इच्छा’ होतं, तिथं तिथं ते पुसून नवं उत्तर लिहिलं होतं. ‘नको. माझं वाक्य बरं आहे.’ ‘कामाक्षी असं बोलणार नाही.’ ‘इथं तुमचं चांगलं आहे, घेते.’ ‘नको.’ ‘नको.’ ‘तीनदा वाचलं. नकोच.’

“काय झालं?” दारातून जाणारे गुणशेखरन सर थबकले. “संपलं होतं ना हे काम?”

“सगळं पुन्हा करायला लागणार सर,” अन्बुसेल्वी म्हणाली, आणि तिला इतका आनंद झाला होता की तो लपवणं जमेना. “पहिल्या पानापासून.”

तिनं दरवाजा लावला, खुर्ची पुढे ओढली आणि पहिला नकार वाचायला घेतला.