झेंड्याखालची मोरी

राजारामपुरीतल्या मोना वहिनींच्या मेसमध्ये मी आठवड्यात तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा त्यांनी चहा विचारला नाही. नळकाम करणाऱ्याला चहा न विचारणं म्हणजे नोटीसच.

"सोमेश, वास हाय."

"असंल की," मी म्हणालो. मला तो जिन्यातच भेटला होता.

मेस पहिल्या मजल्यावर. क्लासची बावीस पोरं तिथं जेवतात. तांबड्या रश्श्याला गटाराचा वास येतो म्हणून त्यांनी मुदत दिली होती : सोमवारपर्यंत वास गेला नाही, तर पुढच्या गल्लीतली मेस. आज शनिवार होता.

पहिल्या वेळी मी मोरीचा पाइप धरला. फरशीखालच्या तीन मीटर पाइपाला गवंड्यानं जेमतेम एक सेंटीमीटर ढाळ दिला होता. पाणी त्यात रवंथ करत बसायचं आणि रश्श्याचं तेल आत थिजायचं. मी पाइप काढला, पाणसळ लावून साडेसात सेंटीमीटर ढाळ दिला. दोन दिवस सगळे खूश. तिसऱ्या दिवशी वास.

दुसऱ्या वेळी स्वयंपाकघरामागची न्हाणी सापडली. तिथं कोणी अंघोळ करत नाही, तांदळाची पोती राहतात. जाळीखालच्या ट्रॅपमध्ये तीन बोटं पाणी साचून राहायला पाहिजे. गटाराचा वास त्या पाण्यातून वर येऊ शकत नाही, एवढंच त्याचं काम. ट्रॅप खडखडीत होता. मी बादली ओतली आणि ज्ञान दिलं, "वहिनी, आठवड्याला एक तांब्या. वापर नसला की पाणी आटतंय."

"रोज घालत्ये," आता वहिनी म्हणाल्या. "सकाळी घालत्ये, दुपारी बघावं तर पाणी न्हाय."

सकाळचं पाणी दुपारपर्यंत आटायला ही न्हाणी होती, वाळवंट नव्हतं. मी पाणी भरलं, बॅटरी धरली आणि पोत्यावर बसून ट्रॅपकडं बघत राहिलो. वहिनीही बसल्या. दहा मिनिटं आम्ही दोघं भोकात बघत होतो. एक पोरगं डबा न्यायला आलं आणि काही न विचारता परत गेलं.

तेवढ्यात वर दुसऱ्या मजल्यावर वहिनींचे सासरे आकाराम तात्यांनी फ्लश ओढला. भिंतीतल्या उभ्या पाइपातून धबधबा गेला, आणि आमच्या डोळ्यांदेखत ट्रॅपनं 'गुडुक' केलं. पाणी गायब.

"कुणी पिलं?" वहिनींनी विचारलं.

"पाइपानं. खाली पडणारं पाणी मागं हवा ओढतंय. ती गच्चीवरच्या उघड्या तोंडातनं मिळाली तर बरं. न्हाय मिळाली, तर तुमच्या ट्रॅपातनं ओढतंय, पाण्यासकट. वरचं तोंड कुणीतरी बुजवलंय."

मी आणि वहिनी गच्चीवर गेलो, मागोमाग तात्याही आले. पाइपाच्या तोंडात बांबू, बांबूभोवती पोत्याचं फडकं, त्यावर सिमेंट. आणि बांबूवर तात्यांच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा जांभळा झेंडा, दिमाखात.

"तात्या, कधी लावला?"

"सेमीफायनल जिंकलो त्या दिवशी. तीन आठवडं झालं," तात्या छाती फुगवून म्हणाले. "पाइप कसा आयताच हुता!"

वासालाही तीन आठवडेच झाले होते. वहिनी कठड्याला टेकल्या.

"मामंजी, उतरवा."

"फायनल हाय पुढच्या रविवारी! आत्ता झेंडा उतरवला तर पोरांनी खेळायचं कशासाठी?"

"माझी पोरं सोमवारी चाललीत."

"तुझी पोरं गोल मारत्यात व्हय?"

वहिनी तडक वळल्या. खाली गेल्या आणि दोन्ही संडासांना कुलूप लावून किल्ल्या कमरेला खोचल्या. "झेंडा हाय तवर फ्लश न्हाय. पृथ्वीराजभाऊंकडं जावा."

शेजारचे पृथ्वीराज विरोधी तालमीचे. फायनल त्यांच्याशीच होती. त्यांच्या संडासाच्या दारावर आतून त्यांच्या संघाचा फोटो आहे, बसलं की समोर येतो.

तात्या चार वाजता ताठ मानेनं गेले. पावणेपाचला परत आले ते थेट गच्चीवर.

"सोमेश, छन्नी आण."

"काय झालं?"

"त्यानं बाहेरनं घोषणा दिल्या."

सिमेंट फुटलं. पाइपाचं बुजलेलं टोक मी कापून टाकलं आणि वर जाळीची टोपी बसवली. झेंडा टाकीच्या शिडीला गेला. मग कुलूप उघडलं. मी आणि वहिनी पुन्हा पोत्यांवर बसलो, ट्रॅप काठोकाठ भरून. वहिनींनी डोळे मिटले होते.

"ओढा फ्लश, तात्या!" मी ओरडलो.

वरून धबधबा गेला. पाणी किंचित थरथरलं आणि जागेवरच राहिलं. आणखी दोनदा. तिथंच.

"काय झालं रं?" वरून तात्यांचा आवाज. "गेला काय आत?"

"न्हाय तात्या, अडवला!"

वहिनींनी डोळे उघडले. "साखर किती घालू?" त्यांनी मला विचारलं.