माझ्या नावाची बाटली

माझ्या खुब्यात बसवलेली लोखंडी पट्टी आतल्या आत मोडली आणि मी काठीची मिंधी झाले. आमच्या डॉक्टरांनी हात वर केले. जुनं लोखंड काढायचं, झिजलेलं हाड साफ करायचं आणि मग नवा सांधा बसवायचा. हे आमच्याकडे होत नाही, म्हणाले. तेव्हा माझ्या मुलाने परदेशातली इस्पितळं धुंडाळायला घेतली.

शेवटी दोन उरली. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून त्याने मला दोन्ही दाखवली. एक नुसतं काचेचं, दारात कारंजं आणि आत माणूसभर उंचीच्या फुलदाण्या. दुसरं आपलं सरकारी कचेरीसारखं.

"हे काचेचं," मी म्हटलं.

"आई, तुला तिथे ऑपरेशन करायचंय की लग्न लावायचंय?"

"माझ्या विहीणबाई डोळ्याच्या ऑपरेशनला गेल्या तिथे कारंजं होतं. मी काय गोठ्यात जाऊन पडू?"

त्याने वाद घातला नाही. दोघांनाही तेच प्रश्न लिहून पाठवले. ऑपरेशन नेमकं कोण करणार, मोडलेलं जुनं लोखंड काढायची कामं त्यांच्या हातून कितीदा होतात, घरी परतल्यावर जखमेत पू झाला तर कुणाला विचारायचं. काचेच्या इस्पितळाने खोलीचे आणखी फोटो धाडले. दुसऱ्याच्या डॉक्टरने सगळ्याची उत्तरं दिली आणि उलट आमच्याच डॉक्टरांचा नंबर मागितला, म्हणजे परतल्यावर तपासण्या त्यांनी करायच्या आणि दोघांनी आपसात बोलायचं. ठरलं ते दुसरं. मी दोन दिवस तोंड फुगवून बसले, पण कुणी विचारलं नाही, तेव्हा माझा रुसवा मीच काढला.

मग सोबतीचा प्रश्न आला. खोलीत सोबतीसाठी एकच सोफा, रात्री त्याचाच पलंग व्हायचा. इस्पितळातून सुटल्यावर लगेच विमानात बसायचं नाही, पायात रक्ताची गुठळी होते. म्हणून जवळच एक घर भाड्याने घ्यायचं. लिफ्टचं, उंबरा नसलेलं, संडासची बैठक उंच असलेलं. तिथे तीन-चार आठवडे काढायचे. वॉकर धरून चालायचं, गुठळी होऊ नये म्हणून पोटावर सुया टोचून घ्यायच्या, टाके सुकले की डॉक्टर पाहणार आणि उडायला हरकत नाही असं लिहून देणार, मगच परत. मुलाला रजा एका आठवड्याची. सुनेच्या शाळेत परीक्षा. राहिली धाकटी.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. दीर गेल्यापासून आमच्यातच राहते. माझ्या हाताखाली तिचे केस पांढरे झाले.

"धाकटी येईल," मी जाहीर केलं. ती तेव्हा स्वयंपाकघरात पाणी पीत होती. अलीकडे सारखीच पीत असायची. अंगावरचे कपडे खुंटीला टांगल्यासारखे लोंबायला लागले होते आणि रात्री चार-चार वेळा उठायची.

"पोटात काय विहीर खणलीस का गं?" मी म्हणायचे. "तिकडे सोफ्यावरून अशीच उठत बसलीस तर मी पायाने मरायच्या आधी झोपेने मरेन."

"कमी पिईन हो, जाऊबाई," ती म्हणायची आणि पेला विसळून पालथा घालायची.

इस्पितळाने सांगितलं, तारीख पक्की करायच्या आधी रक्त आणि लघवी तिकडेच तपासून अहवाल पाठवा. इथे आल्यावर आम्ही पुन्हा बघूच. एका सकाळी लॅबचा माणूस घरी आला, माझं रक्त काढलं, माझ्या नावाची चिठ्ठी डकवलेली बाटली हातात दिली आणि बाहेरच्या खोलीत बसून राहिला.

आता सांगायची लाज वाटते ते सांगते. बरेच दिवस मला जळजळत होतं. वास मारत होता. न्हाणीघरापर्यंत पोचायच्या आधीच चार थेंब निसटायचे. मी, जी दुसऱ्याच्या घरातल्या तांब्यावरचे डाग मोजत आले, तिने ही बाटली त्या परक्या पोराच्या हातात द्यायची? वर ते तिकडे परदेशात छापून जायचं आणि माझा मुलगा ते मोठ्याने वाचणार?

मी धाकटीला न्हाणीघरात ओढलं.

"भर."

"काय?"

"बाटली. काय म्हणे काय."

"अहो, पण त्यावर तुमचं नाव आहे."

"म्हणूनच सांगते. माझं आटलंय आज. तुला काय, नळ चालूच असतो."

तिने तोंडावर हात ठेवून हसू दाबलं. मी हसले नाही, तेव्हा तिचंही गेलं. तिने बाटली भरून दिली. आयुष्यभर मी सांगितलेलं जसं केलं तसंच.

आठवड्याने पडद्यावर इस्पितळाची बाई आली. परदेशी रुग्णांचं सगळं तीच बघते, आपली भाषा बोलते. मुलगा समोर बसला, मी शेजारी. धाकटी पेला हातात घेऊन दारात उभी.

"मावशी, तुमचं रक्त चांगलं आहे," ती म्हणाली. "साखर अजिबात वाढलेली नाही, तीन महिन्यांची सरासरीसुद्धा ठीक. पण लघवीत साखर भरपूर आहे. डॉक्टरांना हे जुळत नाही. मधुमेहाच्या काही गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. तशी एखादी गोळी घेताय का? चालू असेल तर ऑपरेशनच्या आधी बंद करावी लागते, म्हणून विचारते. लपवू नका."

मुलगा माझ्याकडे वळला.

"आई, कुणाच्या गोळ्या खातेस?"

"मी कशाला कुणाच्या गोळ्या खाऊ?"

"गुडघ्यासाठी शेजारच्यांचं तेल प्यायली होतीस ना? तुझा काय भरवसा!" मग तो दाराकडे वळला. त्याचा आवाज चढला. "काकू, औषधाच्या दुकानात तुम्ही जाता. हिला काही आणून देता का? खरं सांगा. हिच्या जिवाशी खेळ आहे."

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. हातातल्या पेल्यात अर्धं पाणी होतं.

त्या पेल्याकडे बघताना मला सगळं कळलं. साखर तिची होती. विहीर, नळ, लोंबणारे कपडे, रात्रीचं उठणं, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी त्यावर फक्त विनोद केले होते. कळलं ते क्षणात कळलं. तोंडातून मात्र वेगळंच निघालं.

"त्या बाटलीवाल्याने गोंधळ घातला असेल. दहा घरच्या बाटल्या एका पिशवीत कोंबतो मेला."

"हो," धाकटी लगेच म्हणाली. "तसंच झालं असेल."

मुलाने सुस्कारा टाकला. पडद्यावरची बाईही सैल झाली. "असं असेल तर सोपं आहे. पुन्हा द्या, तारीख हलणार नाही. फक्त एक करा. त्या लॅबला आजच्या आज कळवा. ज्या कुणाची ती बाटली आहे, त्या माणसाची साखर बरीच वाढलेली असणार आणि बहुधा त्याला पत्ताच नाही. त्याला शोधायला हवं."

मुलाने फोन उचलला. नंबर शोधू लागला. धाकटी पेला तोंडाला लावून उरलेलं पाणी प्यायली. मी तिच्या गळ्याची शीर हलताना पाहिली.

"शोधायला नको," मी म्हटलं. "ती इथेच उभी आहे."

"कोण?"

"तुझी काकू. मीच तिला भरायला लावली."

"पण का?" मुलगा म्हणाला. त्याला खरंच कळेना. तोंड उघडं टाकून बघत राहिला.

का, ते सांगायला मला त्याच्यावरून नजर काढावी लागली. पण नजर काढली की समोर पडदा, त्यात ती परकी बाई.

"मावशी, जळजळ होते का?" तिने हळूच विचारलं.

"होते."

"वास? थेंब थेंब जाते?"

मी मान हलवली. साठी उलटलेली बाई मी, पोटच्या पोरासमोर लहान मुलीसारखी मान हलवत होते. मुलगा उठून खिडकीशी गेला आणि बाहेर काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखा बघत राहिला.

ती बाई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, जंतुसंसर्ग असणार. हे जंतू रक्तातून नव्या सांध्यात जाऊन बसले तर तो सांधाच काढावा लागतो. इथे येऊन कळलं असतं तर ऑपरेशन थांबलं असतं आणि तुम्ही दोघी परक्या गावात नुसत्या बसून राहिल्या असत्या. आता तिकडेच डॉक्टरांना दाखवा, कोणते जंतू ते तपासा, औषध पूर्ण करा, मग नवी तारीख बघू. भाड्याच्या घराचं आणि तिकिटांचं मी पुढे ढकलते. आणि सोबत येणाऱ्या ताईंची साखर आजच तपासा.

पडदा मिटला. मुलगा लॅपटॉप उचलून आत गेला.

"तू का गप्प बसलीस?" मी धाकटीला विचारलं. अजून मीच विचारत होते, बघा.

तिने पेला टेबलावर ठेवला. पालथा घातला नाही.

"तुमच्या थेंबांचं मला कधीचं माहीत होतं. दोरीवरचे तुमचे कपडे कोण काढतं? तिकडे तुमचं सगळं धुवायचं-पुसायचं, ते मी मनाशी धरलं होतं. पण तुम्ही त्या बाटलीवाल्यावर ढकललंत ना, तेव्हा मला वाटलं, आता तुमच्यासाठी मी मेले तरी तुम्ही म्हणाल, गोंधळ झाला असेल."

"मग हो कशाला म्हणालीस?"

"सवय." ती आत जायला वळली. "आणि जाऊबाई, मी येणार नाही तुमच्याबरोबर. मला कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून नाही म्हणायचंही राहून गेलं होतं."



संध्याकाळी ती चपला घालून दवाखान्यात निघाली. मी काठी घेतली आणि मागून गेले. ती थांबली नाही, पण चाल हळू केली. तिथे बोटाला सुई टोचून रक्त बघितलं. डॉक्टरीणबाई आकडा पाहून म्हणाल्या, आणखी उशीर केला असता तर बेशुद्ध होऊन इस्पितळात आणावं लागलं असतं. "इतके दिवस घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?" त्यांनी विचारलं.

"माझ्या आलं होतं," मी म्हटलं. "मी तिला हसत होते."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली बघून लिहू लागल्या. मग माझीही तपासणी होती. ती बाटली या वेळी मीच भरली, आणि ओल्या हातांनी मीच बाहेर नेऊन दिली. बाकावर बसलेल्या सगळ्यांच्या देखत.

रात्री जेवताना मुलगा म्हणाला, "इस्पितळाने सोबतीचं नाव पुन्हा विचारलंय. आधी काकूंची साखर ताब्यात येऊ दे म्हणतात. नाहीतर तिथे पगारी बाई मिळते, दिवसा आणि रात्री वेगळी. काय कळवू?"

धाकटी ताटात बघत जेवत होती.

"येशील का?" मी विचारलं. हा शब्द तिच्यासाठी माझ्या तोंडी कधी आला नव्हता.

ती घास चावत राहिली. पाण्याचा जग तिच्यापासून लांब होता. मी तो तिच्याकडे सरकवला. तिने पेला भरून घेतला, सावकाश प्यायली.

"बघेन," म्हणाली. "अजून ठरवलं नाही."

"तेच कळव," मी मुलाला सांगितलं. "म्हणावं, तिने अजून ठरवलेलं नाही."