३६ नंबरचा शर्ट

वहिनींची सगळी नोकरी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. त्यामुळे मराठी मजकुरात इंग्रजी आकडा दिसला की त्यांना दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं. दुकानाच्या पाटीवर, औषधाच्या चिठ्ठीवर, अगदी लग्नाच्या निमंत्रणावरसुद्धा त्यांची नजर आधी आकड्यावर जायची आणि मग वधूवरांवर. निवृत्त झाल्यावर तपासायला मजकूर उरला नाही. गेल्या वर्षी नवरा गेला, तेव्हा सकाळी उठण्याचंही काही कारण उरलं नाही.

घरात आता दोघीच होत्या, वहिनी आणि त्यांची धाकटी नणंद. नणंदेला घरात सगळे कात्री म्हणत. लहानपणी तिनं दिवाणखान्याचे पडदे कापून बाहुलीला कोट शिवला होता, त्या दिवशी भावानं हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. कात्रीनं लग्न केलं नाही, शिवणकाम केलं. घराच्या पुढच्या खोलीत तिचा वर्ग चाले. शिवाय तिची एक वेबसाइट होती. तिच्यावर प्रत्येक कपड्याचा व्हिडिओ, खाली वर्णन आणि कापडावर ठेवून कापायचे कागदी नमुने. नमुने मागवणाऱ्या बायकांवर घर चालत होतं, कारण वर्गात शिकायला येणाऱ्या बायका बऱ्याचदा गप्पा मारायलाच येत.

सहा महिन्यांपूर्वी वहिनी पांघरुणातून डोकं बाहेर काढीनात, तेव्हा कात्रीनं लॅपटॉप त्यांच्या मांडीवर आणून ठेवला होता.

"माझ्या साइटवर शुद्धलेखनाच्या नावानं आनंद आहे. तू जरा बघतेस का?"

वहिनींनी बघितलं आणि त्यांचा जीव खालीवर झाला. 'शर्ट कटिंग माप 36.' 'फ्रॉक वय 6 वर्षे.' 'पँट कंबर 32.' त्यांनी चष्मा पुसला आणि कंबर कसली. सगळी शीर्षकं, सगळी वर्णनं, एकूण एक आकडे त्यांनी मराठी केले. 36 चे ३६ झाले, 6 चा ६ झाला. वर्णनात व्हिडिओतली जागा म्हणून 'कॉलर 4:15' असं लिहिलेलं होतं, तेही 'कॉलर ४:१५' झालं. काम संपलं तेव्हा पान इतकं देखणं दिसत होतं की त्यांनी ते मोठं करून दोनदा वाचून काढलं.

त्यानंतर नमुन्यांची मागणी आटत गेली. आधी वाटलं, परीक्षांचे दिवस असतील. मग वाटलं, लोक तयार कपडेच घेत असतील. एक दिवस कात्रीनं सांगितलं की तयार कपड्यांच्या कारखान्यात देखरेखीची जागा आहे आणि तिला विचारलंय. पाळी कधी सकाळची, कधी रात्रीची. वर्ग बंद करावा लागेल.

"तुला कारखाना आवडत नाही," वहिनी म्हणाल्या. "तरुणपणी एकदा गेलीस आणि महिन्याभरात पळून आलीस."

"तेव्हा अंगात मस्ती होती. आता माझ्या हातचं जुनं झालंय, वहिनी. लोकांना नको असेल तर मी काय त्यांच्या गळ्यात बांधू?"

वहिनींना ते खोटं वाटलं नाही, हेच वाईट होतं. कात्रीचा चेहरा तेव्हापासून असा होता की जणू कुणी तिचंच कापड तिला आखूड पडतंय म्हणून सांगितलंय. कारखान्याला उत्तर आज संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं.

दुपारी वर्ग भरला. कात्री आतल्या खोलीत इस्त्री करत होती. पुढं पाच-सहा बायका, कापडाचे तुकडे, खडू आणि टाचण्यांची डबी. वहिनी कोपऱ्यात खुर्चीवर बसून बटणं निवडत होत्या. एका शिकाऊ बाईनं फोनवरून मान वर केली. ती परिचारिका होती आणि वर्गाला नेहमी उशिरा यायची.

"वहिनी, बाईंनी छत्तीसचा शर्ट काढून टाकला का हो साइटवरून? माझी बहीण शोधून शोधून थकली."

"काढेल कशाला? तुझ्या बहिणीला नीट शोधता येत नसेल."

"मलाही येत नाही मग. बघा ना."

वहिनींनी तिचा फोन हातात घेतला. त्यांच्या अंगात मुद्रितं तपासणाऱ्याचा तोरा आला. साइटच्या शोधपेटीत त्यांनी टाइप केलं. एकही निकाल नाही. पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच. मग त्यांनी आपण काय टाइप केलंय ते वाचलं.

पेटीत 36 होतं. इंग्रजी 36.

ते त्यांच्याच अंगठ्यानं टाइप केलं होतं. मराठीच्या कळफलकावर वरच्या ओळीत इंग्रजी आकडे होते आणि मराठी आकडा हवा तर बोट दाबून धरावं लागत होतं, एवढं करायला कुणाला सवड आहे? त्यांनी आपला स्वतःचा फोन काढला आणि आपण गेल्या महिन्यात काय काय शोधलं ते बघितलं. गुडघ्याच्या गोळ्या 500. बस क्रमांक 14. छापखान्यातला तोरा सगळा शीर्षकात होता. शोधताना त्यांनी स्वतः एकदाही मराठी आकडा टाइप केला नव्हता.

"सगळ्याजणी फोन काढा," त्या म्हणाल्या. "छत्तीसचा शर्ट शोधा. नेहमी शोधता तसा. मला काही विचारू नका, फक्त शोधा."

बायकांना वाटलं, काही स्पर्धा आहे. त्यांनी उत्साहानं शोधलं. एकीनं '36 नंबर शर्ट' लिहिलं. तिला शर्ट पुष्कळ दिसले, पण नव्यात नवा वर, त्यामुळे आधी शाळेच्या मुलांचे आले आणि छत्तीसचा कुठंतरी तळाशी गेला. तिनं तेवढं खाली सरकायची तसदी घेतली नाही. दुसरीनं रोमन अक्षरांत 'shirt katting 36' लिहिलं आणि तिला काहीच मिळालं नाही. तिसरी टाइप करण्याच्या भानगडीत पडत नसे. ती फोनला तोंडानं बोलली, "छत्तीस नंबर शर्ट", आणि तिच्या फोननं ऐकून लिहिलं 36. ३६ एकीनंही लिहिलं नाही.

"आणि ते कॉलरचं पण," परिचारिका म्हणाली. "पूर्वी वेळेवर बोट टेकवलं की व्हिडिओ थेट कॉलरवर जायचा. आता नुसती अक्षरं आहेत."

वहिनी बाहेर ओट्यावर गेल्या आणि साइट बनवणाऱ्याला फोन लावला. तो माणूस सभ्य होता, पण त्याला वयस्कर लोकांशी सावकाश आणि मोठ्यानं बोलायची सवय होती.

"काकू, आपल्या साइटचा शोध साधा आहे. त्याला अर्थ कळत नाही, अक्षरं कळतात. तुमचे ३६ आणि 36 ही त्याला वेगवेगळी अक्षरं. मोठी सर्च इंजिनं बऱ्याचदा सांभाळून घेतात, तरी त्यांच्यावरही डोळे मिटून विसंबू नये."

"पण रोमनमध्ये लिहिणारीला तसंही काय सापडणार? शीर्षक तर मराठी आहे."

"सापडायचं ना. आपला शोध एक शब्द जुळला तरी दाखवतो, जास्त जुळले तर वर दाखवतो. तिच्या लिहिण्यात आणि तुमच्या शीर्षकात समान एवढंच होतं, तो 36. तोच गेला."

वहिनी भिंतीला टेकल्या. तो पुढं सांगत होता की दोन्ही आकडे एकच धरायची सोय तो करून देईल, त्याला थोडे दिवस लागतील. तोवर शीर्षकात इंग्रजी आकडे ठेवा, वर्णनात एकदा मराठीही लिहा, म्हणजे कुणी कसंही शोधलं तरी सापडेल. वेळा मात्र इंग्रजीतच हव्यात, नाहीतर दुवा बनत नाही. सगळं सोपं होतं. पण आता कात्रीला सांगावं लागणार होतं आणि चार वाजून गेले होते.

न सांगताही भागलं असतं. रातोरात आकडे बदलले असते, मागणी हळूहळू परत आली असती, कुणाला पत्ता लागला नसता. पण तोवर कात्री कारखान्यात पोचली असती, आणि तेही आपले हात जुने झाले असं मानून. वहिनींना स्वतःची लाज वाटली आणि ती त्यांनी गिळली नाही.

वर्ग सुटल्यावर त्या आतल्या खोलीत गेल्या. कात्री इस्त्रीची वायर गुंडाळत होती.

"तुझं काही जुनं झालेलं नाही," वहिनी म्हणाल्या. "मी सगळे आकडे मराठी केले म्हणून तू कुणाला सापडत नाहीस. लोक इंग्रजी आकडे टाइप करतात. मीही करते. आत्ताच कळलं मला."

कात्रीनं वायरचा वेढा पुरा केला, टोक खोचलं आणि इस्त्री फळीवर ठेवली. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्याचा मागमूस नव्हता. वहिनी आयुष्यभर चुका शोधत आल्या होत्या, त्यांना ते लगेच दिसलं.

"तुला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्याच आठवड्यात. एका बाईनं फोन करून विचारलं, सापडत का नाही. मी शोधून बघितलं तर मलाही सापडलं नाही."

"आणि बोलली नाहीस? मागणी बुडाली, कारखान्यात निघालीस, आणि वर मला सांगितलंस की लोकांना तुझं काम नको?"

"काहीतरी सांगायला हवं होतं ना."

"पण का, कात्री?"

कात्री खडूचे तुकडे गोळा करू लागली. तिला रडायची सवय नव्हती आणि भावाच्या आठवणीनं तर ती नेहमी कामालाच लागायची.

"दादा गेल्यावर तू चार महिने केस विंचरले नव्हतेस," ती म्हणाली. "लॅपटॉप दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी उठलीस, आंघोळ केलीस आणि मला म्हणालीस, अगं, तुझ्या फ्रॉकच्या सहाला मी नीट केलं. काय बोलणार होते मी?"

वहिनी खुर्चीवर बसल्या. बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. मग त्या म्हणाल्या, "फोन कर त्या कारखान्याला. नाही म्हण."

"आणि मागणी परत नाही आली तर?"

"नाही आली तर मग जा. पण आज नाही म्हण."

कात्री फोन घेऊन पुढच्या खोलीत गेली. तिचा आवाज आत ऐकू येत होता. ती नेहमीप्रमाणे नको तितकी माफी मागत होती. वहिनींनी लॅपटॉप मांडीवर घेतला आणि पहिलं शीर्षक उघडलं. 'फ्रॉक, वय ६ वर्षे.' त्यांनी तो ६ खोडला आणि त्या जागी 6 लिहिला. तो त्यांना अजूनही परका दिसत होता. मग त्या पुढच्या शीर्षकाकडे गेल्या.

कात्री परत आली आणि दाराशी थांबली.

"झालं," ती म्हणाली. "उद्या सकाळी उठशील ना?"

"उठेन," वहिनी मान वर न करता म्हणाल्या. "अजून शर्ट व्हायचे आहेत."